तारीख चुकल्यावरचा ई-मेल

भोसरीतल्या एका छोट्या टूलरूमचं उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही गल्लीत ते ओळखीचं वाटेल. चाकणच्या एका कंपनीने 12 वेल्डिंग फिक्स्चर्सची ऑर्डर दिली. एक फिक्स्चर दीड लाखाचं, म्हणजे एकूण 18 लाख. पीओवर डिलिव्हरीची तारीख 14. प्रत्येक फिक्स्चरमध्ये 4 लोकेटिंग पिना, आणि त्यांची हार्डनेस 58 ते 60 एचआरसी असायला हवी असं ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेलं. हीट ट्रीटमेंटला बाहेर दिलेल्या 48 पिना 14 तारखेलाच दुपारी परत आल्या. हार्डनेस टेस्टरवर लावल्या, तर 19 पिना 52 ते 54 मध्येच अडकलेल्या. गाडी बाहेर उभी, चलान तयार, आणि माल मात्र पाठवण्याजोगा नाही.

संध्याकाळी मालकाने चाकणच्या परचेस मॅनेजर मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "जे काही आहे ते मेलवर द्या." इथून खरी अडचण सुरू होते. रात्री अकरा वाजता, दिवसभराच्या मनस्तापानंतर, माणूस लिहायला बसतो आणि हाताखालून असं काहीतरी उतरतं:

"मॅडम, आमच्या निष्काळजीपणामुळे माल वेळेवर देऊ शकलो नाही. 15 पासून तुमची नवी लाइन सुरू व्हायची आहे हे ऑर्डर घेतल्यापासून आम्हाला माहीत होतं. आमच्यामुळे तुमची लाइन अडली. तुमचं जे काही नुकसान होईल ते सगळं आम्ही भरून देऊ. कृपया माफ करा."

लिहिणारा सज्जन आहे, यात शंका नाही. या मेलमधलं माफीचं वाक्य मात्र शेवटचं आणि सर्वांत निरुपद्रवी आहे. धोका आहे तो त्याच्या आधीच्या चार वाक्यांत. तो कसा, हे कळायला कायद्यात थोडं डोकावावं लागतं.

भारतीय करार कायदा 1872 सालचा. ठरलेल्या वेळी काम न झाल्यास काय, हे त्याच्या कलम 55 मध्ये आहे आणि भरपाई किती, हे कलम 73 मध्ये. करारभंगाची जबाबदारी ठरवताना साधारणपणे माल देणाऱ्याचा हेतू काय होता किंवा त्याने किती काळजी घेतली हे पाहिलं जात नाही. तारीख 14 होती आणि माल आला नाही, एवढं पुरतं. व्हेंडरची भट्टी बिघडली, ट्रक अडकला, माणूस आजारी पडला, या गोष्टी समजून घेण्यासारख्या असल्या तरी पीओत तशी सवलत नसेल तर त्यांनी सुटका होत नाही. म्हणूनच "माल 14 ला पोहोचायला हवा होता, तो पोहोचला नाही, क्षमा मागतो" असं लिहिल्याने लिहिणाऱ्याचं फारसं काही जात नाही. ही गोष्ट चाकणच्या गेट रजिस्टरवरूनही सिद्ध होते. कित्येक उद्योजक वकिलाच्या धाकाने माफी मागायचंच टाळतात आणि "काही अपरिहार्य कारणास्तव विलंब झाला असून गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत" अशी ओळ धाडून देतात. या ओळीने कायदेशीर संरक्षण काडीचंही मिळत नाही आणि ग्राहक मात्र दुखावतो. गैरसोय "झाली असल्यास" कशी? ती झालीच आहे.

मग धोका कुठे आहे? भरपाई किती, या प्रश्नात आहे. कलम 73 प्रमाणे दोन प्रकारचं नुकसान मागता येतं. एक, अशा करारभंगातून नेहमीच्या व्यवहारात आपोआप होणारं. दुसरं, जे होऊ शकतं हे करार करतानाच दोन्ही बाजूंना माहीत होतं असं. लांबचं, अप्रत्यक्ष नुकसान मागता येत नाही. हा नियम ज्या इंग्लिश खटल्यातून आला, तोही उशिरा पोहोचलेल्या मालाचाच होता. 1853 साली ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा क्रँकशाफ्ट मोडला. नवा बनवायला नमुना म्हणून तो ग्रीनिचच्या कारखान्यात पाठवायचा होता. वाहतूक कंपनीने तो पोहोचवायला काही दिवस उशीर केला आणि तेवढे दिवस गिरणी बंद राहिली. बुडालेल्या नफ्याचा दावा लागला. 1854 साली न्यायालयाने म्हटलं की शाफ्टवाचून गिरणी पूर्ण बंद पडणार आहे, ही विशेष परिस्थिती वाहतूकदाराला सांगितल्याचं दिसत नाही, तेव्हा तो नफा त्याच्या माथी मारता येणार नाही. हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या नावाने कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा खटला शिकतो.

आपल्या कायद्यातल्या कलम 73 खाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत याच्याशी मिळतंजुळतं एक आहे. गिरणी यंत्रावाचून बंद आहे असं वाहतूकदाराला सांगून यंत्र त्याच्या हाती दिलं आणि त्याने उशीर केला, तर तेवढ्या काळातला गिरणीचा सरासरी नफा त्याला द्यावा लागेल. त्या उशिरामुळे मालकाचं एखादं सरकारी कंत्राट गेलं असेल, तर ते नुकसान मात्र त्याच्याकडून घेता येणार नाही. कारण त्या कंत्राटाबद्दल त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

आता रात्रीच्या मेलमधलं दुसरं वाक्य पुन्हा वाचावं. "15 पासून तुमची नवी लाइन सुरू व्हायची आहे हे ऑर्डर घेतल्यापासून आम्हाला माहीत होतं." ज्या गोष्टीवर भरपाईचा आकडा हजारांत राहील की लाखांत जाईल हे ठरतं, नेमकी तीच गोष्ट मालकाने न विचारता लिहून दिली. तिसऱ्या वाक्याने लाइन आपल्यामुळेच अडली हा कार्यकारणसंबंधही देऊन टाकला. चाकणमध्ये त्या दिवशी रोबोटचं कमिशनिंग राहिलं असेल, दुसऱ्या पुरवठादाराचा माल आला नसेल, हे भोसरीत बसून त्याला कसं कळणार? आणि चौथं वाक्य सगळ्यांत महाग. पीओमध्ये एलडीची, म्हणजे उशिराबद्दल आधीच ठरवलेल्या भरपाईची अट होती: उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला अर्धा टक्का, जास्तीत जास्त 5 टक्के. 18 लाखांवर ही कमाल मर्यादा 90 हजारांची. "जे काही नुकसान होईल ते सगळं" असं म्हणणाऱ्याने स्वतःसाठी बांधलेली ही भिंत स्वतःच पाडायला दिली. पुढे वाद झालाच, तर ग्राहकाचा वकील हे नवं, स्वतंत्र आश्वासन होतं असं म्हणणार.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लाइनची तारीख पीओवरच छापलेली असेल, तर ती मेलमध्ये न लिहिल्याने लपत नाही आणि कोणी विचारल्यावर नाकारायचीही नाही. ई-मेलमध्ये न लिहिणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. जबाबदारी घेणारा ई-मेल आपण काय केलं, काय राहिलं आणि आता काय करतो आहोत एवढ्याबद्दल बोलतो. ग्राहकाचं काय आणि किती झालं, कायद्याच्या भाषेत त्याला काय म्हणायचं, हे ठरवण्याचं काम तो अंगावर घेत नाही.

पुराव्याच्या दृष्टीने ई-मेल हा कागदच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात जुन्या पुरावा कायद्यातली "कबुली"ची व्याख्या कायम आहे: वादातल्या एखाद्या मुद्द्याबद्दल अनुमान सुचवणारं तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक विधान. कबुली हा अंतिम पुरावा नसतो, पण ती खोडून काढण्याचं ओझं देणाऱ्यावर येतं. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 12, नियम 6 प्रमाणे स्पष्ट कबुली असेल तर न्यायालय पूर्ण सुनावणीची वाट न पाहता तेवढ्यापुरता निकाल देऊ शकतं, आणि ती कबुली न्यायालयात दाखल केलेल्या कागदांबाहेरची असली तरी चालते. जे मेलला लागू तेच व्हॉट्सॲपला. मालकाने मोजूनमापून मेल लिहावा आणि त्याच वेळी सुपरवायझरने ग्राहकाच्या इंजिनीअरला "साहेब, आपलीच चूक, सगळं भरून देऊ" असा मेसेज टाकावा, हे वारंवार घडतं. म्हणून मेल जाण्याआधी शॉपमधल्या दोन-तीन माणसांना एकत्र बसवून कोण काय बोलणार हे ठरवणं, हा याच कामाचा भाग आहे.

माफीलाच कायद्याने संरक्षण द्यावं, असा विचार काही देशांनी केला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2006 साली तसा कायदा केला आणि हाँगकाँगचा कायदा 1 डिसेंबर 2017 पासून लागू झाला. तिथे साधारणपणे माफी ही दोषाची कबुली म्हणून वापरता येत नाही. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. इंग्लंडमध्ये 2006 च्या एका कायद्यात तशी तरतूद आहे, पण ती हलगर्जीपणा आणि कायद्याने लादलेल्या कर्तव्याचा भंग यांच्याबद्दल बोलते, करारभंगाबद्दल नाही. पुण्यातून लंडनच्या ग्राहकाला सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. थोडक्यात, इथल्या माणसाला आधार आहे तो स्वतःच्या शब्दनिवडीचाच.

भोसरीच्या मालकाने रात्रीचा मसुदा ड्राफ्टमध्ये ठेवला आणि सकाळी नऊच्या आत हा मेल पाठवला, असं धरू. प्रत्यक्षात तो इंग्रजीत जातो. इथे मराठीत देत आहोत.

"विषय: 12 वेल्डिंग फिक्स्चर्स – 14 तारखेची डिलिव्हरी झाली नाही – सुधारित तारखा

मॅडम, सप्रेम नमस्कार.

पीओप्रमाणे 12 फिक्स्चर्स काल, 14 तारखेला, आपल्याकडे पोहोचायला हवी होती. ती आम्ही पोहोचवू शकलो नाही. याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

काल दुपारी हीट ट्रीटमेंटहून आलेल्या 48 लोकेटिंग पिनांपैकी 19 पिनांची हार्डनेस ड्रॉइंगपेक्षा कमी आढळली. अशा पिना वापरात लवकर झिजतात, म्हणून त्या लावून माल पाठवायचा नाही असं आम्ही ठरवलं. तपासणीचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. हीट ट्रीटमेंट बाहेर होत असली तरी ते काम वेळेत आणि ड्रॉइंगप्रमाणे करून घेणं ही आमची जबाबदारी आहे.

चांगल्या पिनांवर 7 फिक्स्चर्स पूर्ण होतात. आपली संमती असेल तर ती उद्या, 16 तारखेला, पाठवतो. उरलेली 5 फिक्स्चर्स 23 तारखेपर्यंत देतो. 19 पिना नव्याने करायला घेतल्या आहेत. 18 ला त्या हीट ट्रीटमेंटहून परत येतील आणि त्याच संध्याकाळी हार्डनेस रिपोर्ट आपल्याला पाठवीन. आपल्याला कोणती फिक्स्चर्स आधी हवीत हे कळवलंत तर असेंब्ली त्या क्रमाने करू.

हा मेल झालेली गोष्ट आणि पुढचं वेळापत्रक कळवण्यासाठी आहे. बाकी सर्व बाबी पीओतल्या अटींप्रमाणेच राहतील आणि त्या अटींखालचे दोन्ही बाजूंचे हक्क या मेलने बदलत नाहीत.

कोणत्याही वेळी मला थेट फोन करावा."

क्षमा यात दुसऱ्याच ओळीत आहे, सरळ आहे आणि तिला "पण" जोडलेला नाही. व्हेंडरचा उल्लेख आहे, पण बोट त्याच्याकडे नाही. "आमची जबाबदारी" हे शब्द वाचून काही वकील दचकतील. दचकायचं कारण नाही, कारण ऑर्डर आपल्या नावावर असताना काम बाहेरून करून घेतलं तरी ग्राहकापुढे आपणच उभे असतो, ही करारातली मुळातली गोष्ट आहे. "निष्काळजीपणा" हा शब्द मात्र नाही. तो झालेल्या गोष्टीचं वर्णन करत नाही, तिच्यावर निवाडा देतो. व्यावसायिक विमा घेतलेला असेल तर आणखी एक पथ्य आहे. विमा कंपनीच्या संमतीशिवाय दायित्व कबूल करू नये, अशी अट अशा पॉलिसींत सर्रास असते, आणि ती मोडली तर दाव्याच्या वेळी तिथेच वाद निघतो.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदाऐवजी बरेच जण मेलच्या डोक्यावर "विदाउट प्रेज्युडिस" असं ठोकून देतात. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 21 मध्ये ही सोय आहे खरी, पण ती तडजोडीच्या बोलण्यासाठी आहे. हे बोलणं पुराव्यात आणायचं नाही, अशा अटीवर केलेल्या कबुलीला तिचं संरक्षण मिळतं. वेळापत्रक कळवणारा रोजचा मेल तेवढ्या शिक्क्याने झाकला जात नाही. उलट, जो मेल पुढे आपणच आपल्या बाजूने दाखवू शकलो असतो, तोच असा बाजूला पडायला नको. आपण दुसऱ्याच दिवशी कळवलं, सात नग लगेच दिले, रिपोर्ट पाठवला, हे सांगणारा कागद उघडाच हवा. एलडी कमी करा, दोघांनी मिळून अमुक आकड्यावर मिटवू, असं बोलायचं असेल तर त्यासाठी वेगळा मेल लिहावा आणि तो शिक्का तिथे वापरावा.

23 तारखेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कित्येक चांगले मेल इथेच फसतात. मालकाने हिशेब केला तेव्हा 21 तारीखही जमत होती: टर्निंगला 15 आणि 16, हीट ट्रीटमेंटला 17 आणि 18, 19 ला ग्राइंडिंग, 20 ला असेंब्ली आणि सीएमएमवर तपासणी, 21 ला डिस्पॅच. शिवाय 21 ला दिलं तर उशीर एका आठवड्यात बसतो. पाच फिक्स्चर्सची किंमत साडेसात लाख, म्हणजे एलडी 3,750. तारीख 23 केली की दुसरा आठवडा लागतो आणि हा आकडा 7,500 होतो. आधीच्या सात नगांचे 5,250 धरून एकूण 9,000 ऐवजी 12,750. फरक 3,750 रुपयांचा. पण 21 च्या वेळापत्रकात एक दिवसही मोकळा नाही, आणि मुळात जी भट्टी एकदा चुकली तिच्यावरच ते टेकलेलं आहे. पहिली तारीख पीओत छापलेली होती. दुसरी आपण क्षमा मागताना स्वतः दिलेली असते. ती चुकली की ग्राहक कारण विचारत नाही, दुसरा पुरवठादार शोधतो. 23 लिहून 22 ला माल गेला तर कोणाचंच काही बिघडत नाही.

मॅडमचं उत्तर कसं येईल, याचा अंदाज एका खऱ्या खटल्यावरून बांधता येतो. 1996 मध्ये सॉ पाइप्स ही कंपनी ओएनजीसीला तेलविहिरींसाठी केसिंग पाइप पुरवणार होती. पाइपांसाठी लागणारं पोलाद युरोपातून यायचं होतं आणि तिथल्या पोलाद कामगारांच्या संपामुळे ते अडलं. कंपनीने मुदतवाढ मागितली. ओएनजीसीने ती दिली, पण त्याच पत्रात एलडीची रक्कम वसूल केली जाईल असं लिहून ठेवलं, आणि नंतर बिलातून ती कापली. आपलं प्रत्यक्ष नुकसान काय झालं ते ओएनजीसीने सिद्ध केलेलं नाही, असा मुद्दा लवादापुढे टिकला. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो निवाडा फिरवून कपात योग्य ठरवली. आधी ठरवलेली रक्कम वाजवी अंदाज असेल, तर नुकसानाचा वेगळा पुरावा दर वेळी लागेलच असं नाही, हे त्या निकालाचं सूत्र. पुढच्या निकालांनी त्याला थोडी मुरड घातली, पण परचेस विभागांनी त्या पत्रातला धडा पक्का लक्षात ठेवला आहे.

तो धडा कलम 55 च्या शेवटच्या भागातून येतो. वेळ हा जिथे कराराचा गाभा असतो, आणि व्यापारी मालाच्या डिलिव्हरीत न्यायालयं सहसा तसं मानतात, तिथे ग्राहकाने उशिरा आलेला माल मुकाट्याने स्वीकारला तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना दिली असेल तर मागता येते. म्हणून मॅडमचा मेल बहुधा असा येईल: 16 आणि 23 या तारखा मान्य, मात्र पीओप्रमाणे एलडी आकारण्याचा हक्क राखून. नवख्या उद्योजकाला हे वाचून वाईट वाटतं, एवढी माफी मागूनही कापणारच का, असं मनात येतं. वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. त्या आपल्या कंपनीचं काम करत आहेत, आणि या उत्तराने भोसरीचाही फायदाच झाला आहे: नव्या तारखा लेखी मान्य झाल्या आणि भरपाईचा प्रश्न एलडीच्या चौकटीत राहिला.

16 ला सात फिक्स्चर्स गेली. 18 ला संध्याकाळी नव्या पिनांचा रिपोर्ट गेला, सगळ्या 59 च्या आसपास. 22 ला उरलेली पाच चाकणच्या गेटवर पोहोचली आणि चलानवर शिक्का पडला. 14 पासून मोजले तर आठ दिवस, म्हणजे एलडीच्या हिशेबात दुसरा आठवडा लागलाच. बिलातून 12,750 कापले जाणार हे धरून मालकाने नोंद केली. त्यानंतर आठवड्याने त्याने वेगळा मेल लिहिला, वर "विदाउट प्रेज्युडिस" घालून: सात नग दोन दिवसांत दिले होते, तेव्हा त्यावरच्या 5,250 चा विचार व्हावा ही विनंती. करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे अशी सूट देणं पूर्णपणे ग्राहकाच्या मर्जीवर असतं. ती मिळाली नाही तरी हा मेल 15 तारखेच्या मेलमध्ये मिसळायचा नव्हता, आणि त्याने तो मिसळला नाही.